निकामी असल्याचा दाखला

भूमिकाचा फोन मंगळवारी सकाळी अकरा वाजता आला आणि मी घाबरलोच. धुळ्याला शिकायला गेल्यापासून दीड वर्षात तिने मला दुकानाच्या वेळेत कधी फोन केला नव्हता. तिचा फोन असतो तो संध्याकाळी, आणि तोही तिच्या आईला. मायलेकी अर्धा तास हसतात, मग नूतन फोन माझ्या हातात देते. मी विचारतो, जेवलीस का. ती म्हणते, हो. मी विचारतो, अभ्यास. ती म्हणते, चालू आहे. एवढं झालं की फोन परत आईकडे जातो.

"पप्पा, तुमच्याकडे बिघडलेला प्रिंटर आहे का?"

गोलाणी मार्केटमागे ज्या माणसाचं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान अठ्ठावीस वर्षं आहे, त्याला हे विचारणं म्हणजे रसवंतीवाल्याला चिपाडं आहेत का विचारण्यासारखं. पण मी तसं काही बोललो नाही. उगाच वाकडं बोलून आलेला फोन कशाला घालवा? कसला पाहिजे, एवढंच विचारलं.

"बंद पडलेला. म्हणजे पूर्ण बंद. मेकॅट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला प्लॉटर करायचाय. पेनने चित्र काढणारं छोटं यंत्र असतं ते. एक मोटर पेनाला डावी-उजवीकडे नेणार, दुसरी कागदाच्या पाटीला पुढे-मागे. दीपमाला मॅडमची अट आहे की मोटरी, दांडे, पट्टे सगळं भंगारातलंच पाहिजे. डॉट मॅट्रिक्स असेल तर बरं. एकाच मॉडेलचे दोन असतील तर फारच बरं."

"आहेत," मी म्हणालो. "ऐंशी कॉलमी डॉट मॅट्रिक्सच. एकाच पतसंस्थेतून आलेली जोडी आहे."

"मग रविवारी येते मी. आपण दोघं बसून उघडू."

आपण दोघं बसून. मी फोन ठेवला आणि बराच वेळ समोरच्या गिऱ्हाइकाकडे नुसता बघत राहिलो. शेवटी तो बिचारा म्हणाला, सुकदेवभाऊ, नंतर येऊ का.

हे असं का झालं, ते सांगायला पाहिजे. भूमिका सात-आठ वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की दुकानात यायची. माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूला एका उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसायची आणि मी काढलेले स्क्रू झाकणात मापाप्रमाणे लावायची. नववीत होती तोवर तिला प्रिंट हेड उतरवता येत होतं. मग एके दिवशी एका बँकेचं पत्र आलं, की यापुढे देखभालीचा करार नको, सगळी यंत्रं नवीन घेतोय. अठरा प्रिंटर एका कागदावर गेले. त्याच दुपारी ही पोरगी येऊन माझा पेचकस हातात घेऊन बसली होती. मी तो तिच्या हातातून ओढून घेतला. "हा धंदा मेलेला आहे. यात हात घालायचा नाही. जा, अभ्यास कर." दुकानात तीन माणसं होती. ती उठली, दप्तर घेतलं आणि गेली. त्यानंतर ती डबा द्यायला आली, निरोप द्यायला आली, पण टेबलापाशी कधी बसली नाही. मीही कधी बस म्हणालो नाही. आपली चूक असली की आपल्याला बोलायला कसं जड जातं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

तर मला काय पाहिजे होतं, ते सरळ सांगतो. मला प्लॉटरशी काही देणंघेणं नव्हतं. मला तो एक रविवार पाहिजे होता. सकाळपासून अंधार पडेपर्यंत ती टेबलाच्या डाव्या बाजूला बसावी, मधे तिच्या आईने जेवायला हाका माराव्यात आणि आम्ही "आलो, आलो" म्हणत उठू नये. सोमवारी पहाटेच्या एसटीने तिला धुळ्याला बसवून द्यायचं, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

आता घोटाळा कसा झाला ते ऐका.

बुधवारी मी ती जोडी माळ्यावरून खाली काढली. म्हटलं, पोरीच्या हाताला धूळ नको, वरवर पुसून ठेवू. पुसताना एकाचं झाकण उघडलं. झाकण उघडलं तर आत बघणं आलंच. पहिल्याचा पॉवर सप्लाय गेलेला, आणि हेड ज्या गाडीवर बसून सरकतं तिच्या पट्ट्याचे एका टोकाचे चार-पाच दात झिजलेले. बाकी हेड, मदरबोर्ड खणखणीत. दुसऱ्याचं उलट. हेडच्या पिना तुटलेल्या, बोर्डावर जळाल्याचा काळा डाग, पण पॉवर सप्लाय जिवंत आणि पट्टा जवळजवळ नवा.

आमच्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा. एकाच मॉडेलचे दोन मेलेले प्रिंटर शेजारी शेजारी ठेवले आणि एकाकडे नाही ते दुसऱ्याकडे दिसलं, तर हात आपोआप चालतात. दोनातून एक करणं, याच्यावर आमची सगळी हयात गेली. बुधवारी मी फक्त पॉवर सप्लाय लावून पाहिला. गुरुवारी पट्टा बदलला. शुक्रवारी सरकदांडा पुसून तेल दिलं, दोन्ही यंत्रांचे गंजलेले स्क्रू काढून नवे लावले, कारण जुने बघवत नव्हते. कागद ओढणाऱ्या रुळाचा चिकटा काढला. हे करताना मला वाटत होतं की मी रविवारची तयारी करतोय. खोटं सांगत नाही, खरंच तसं वाटत होतं. शनिवारी दुपारी बटण दाबलं तर गाडी डावीकडे गेली, आपल्या मूळ जागी टेकली, आणि चाचणीचं पान छापायला लागली. अक्षरं पुसट होती, रिबन जुनी होती, पण एकही टिंब चुकलं नव्हतं.

तो करकर आवाज मी दोन वर्षांनी ऐकला. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात भिकन आला. भिकन भंगार घेतो, दर शनिवारी हातगाडी खाली लावून वर चक्कर मारतो. तो दारातच थांबला.

"हाई चालू व्हई गया?"

"मग! पंधरा वर्षं जुना आहे," मी म्हणालो.

त्याने पान हातात घेतलं, उलटसुलट केलं. "चांगलं शे. पण आते हाई घेई कोण, भाऊ?"

मी त्याला म्हटलं, तुला काय करायचंय, चहा पी आणि जा. तो चहा पिऊन गेला. आणि तो गेल्यावर मला एकदम आठवलं की पोरीने काय मागितलं होतं. बंद पडलेला, म्हणजे पूर्ण बंद.

तरी मी स्वतःची समजूत घातली. चालू असला म्हणून काय झालं, उघडायचाच आहे. उलट आपल्या बापाने काय केलं ते बघून ती खूश होईल. माणूस स्वतःशी किती खोटं बोलू शकतो, याला काही माप नाही.

रविवारी ती साडेनऊला आली. एसटीतून उतरली ती सरळ दुकानात. उंची वाढली होती की काय कोण जाणे, दारातून वाकून आल्यासारखी वाटली. मी डाव्या बाजूला खुर्ची ठेवली होती, चांगली, गादीची. ती बसली. मी बटण दाबलं. प्रिंटर चालला, पान बाहेर आलं.

ती पानाकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत होतो. तिचं तोंड उतरत गेलं.

"पप्पा, हा तर चालू आहे."

"मीच केला," मी म्हणालो. आवाजातली बढाई मला स्वतःला ऐकू आली.

तिने पाठपिशवीतून एक छापील कागद काढून टेबलावर ठेवला. वर कॉलेजचं नाव, खाली मजकूर. सदर यंत्र दुरुस्तीयोग्य नसून वापरातून बाद झाले आहे. कारण. मग एक मोकळी ओळ. त्याखाली मेकॅनिकची सही व शिक्का. गेल्या वर्षी म्हणे काही पोरांनी घाईघाईत ऑफिसमधल्या कारकुनाचा चांगला चालणारा प्रिंटर भंगार समजून उघडला. तेव्हापासून दीपमाला मॅडमनी नियम केला, की दाखला असल्याशिवाय एकही स्क्रू फिरवायचा नाही, आणि तसं केलं तर प्रॅक्टिकलचे गुण शून्य.

"दोन्ही प्रिंटरचा दाखला लागतो," ती म्हणाली. "त्या दुसऱ्याचा मिळेल. पण एका प्रिंटरने काय होणार? मला दोन सारख्या गाड्या पाहिजेत. एक पेनासाठी, एक कागदाच्या पाटीसाठी."

"इंकजेट घे ना. कोपऱ्यात तीन पडलेत, तिन्ही मेलेले."

"त्यांच्या गाडीला साधी डीसी मोटर असते. ती पारदर्शक पट्टीवरच्या रेघा मोजत मोजत आपण कुठे आहोत ते ओळखते. आमच्या मोटर चालवणाऱ्या सर्किटला पावलं टाकणारी मोटर लागते. एवढी पावलं टाक म्हटलं की तेवढीच टाकणारी." मग ती जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे ते, पप्पा."

माहीत होतं. मी उगाच बोलून वेळ काढत होतो.

"मी सही करतो," मी म्हणालो. "कोण बघायला येतंय?"

ती माझ्याकडे वळली. ती नजर माझीच आहे, तिच्या आईने मला अनेकदा सांगितलंय. "खोटं लिहू नका. तुम्ही कधी लिहिलं आहे का असं?"

नव्हतं लिहिलं. अठ्ठावीस वर्षांत एकाही यंत्राबद्दल मी "आता होणार नाही" असं लिहून दिलं नव्हतं. पार्ट मिळत नाही म्हणालो, वेळ लागेल म्हणालो, परवडणार नाही म्हणालो. निकामी म्हणालो नाही. या गोष्टीचा मला गर्व होता आणि मार्केटमध्ये तो सगळ्यांना ऐकवून झाला होता. घरात तर पाठच झाला असणार.

"मग मी साडेदहाच्या गाडीने परत जाते," ती म्हणाली. "प्राची म्हणत होती साक्रीला तिच्या मामाच्या ओळखीचं भंगाराचं दुकान आहे. धुळ्याहून दुपारनंतर तिकडे जाऊन येऊ." प्राची ही तिची प्रॅक्टिकलची जोडीदार. भूमिकाच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिने तो कागद घडी घालून पिशवीत टाकायला घेतला, आणि मला दिसलं की माझा रविवार पाऊण तासात संपतोय, आणि तो मी माझ्या हाताने, नवे स्क्रू लावून, तेल देऊन संपवलाय.

मी क्षणभर वायर कापायची पकड हातात घेतली. एक वायर कापली की झालं बंद. पण चांगलं चालणारं यंत्र आपल्या हाताने मारून मग त्याच्या मरणाचा दाखला द्यायचा, हे काही मला जमेना. पकड परत ठेवली. भिकनचं बोलणं कालपासून डोक्यात होतंच. हे घेणार कोण.

"आण तो कागद," मी म्हणालो.

"पप्पा, खोटं नको."

"खोटं नाही लिहीत. आण."

'कारण' या शब्दापुढच्या मोकळ्या ओळीवर मी लिहायला सुरुवात केली. माझं अक्षर मोठं, ओळ पुरली नाही, समासात गेलो. लिहिलं ते असं. यंत्र चालते. तथापि याची रिबन बाजारात मिळत नाही. गेल्या दोन वर्षांत यावर छापून घेण्यासाठी अथवा ते विकत घेण्यासाठी कोणीही आले नाही, यापुढे येईल असे वाटत नाही. सबब वापरातून बाद. सुकदेव, प्रिंटर मेकॅनिक, जळगाव. "दुरुस्तीयोग्य नसून" यावर रेघ मारली आणि शिक्का उठवला.

पेनाला टोपण लावलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. यंत्राबद्दलच लिहिलं होतं. पण ते कोणाबद्दल लिहिलंय, हे त्या छोट्या खोलीत आम्हा दोघांनाही कळत होतं.

भूमिकाने कागद वाचला. दोनदा वाचला. मग तिने फोन काढून मॅडमना लावला, मधे लपवाछपवी न करता सगळं सांगितलं आणि माझं लिहिलेलं शब्दन् शब्द वाचून दाखवलं. वाचताना "कोणीही आले नाही" इथे ती थांबली, पाणी प्यायली आणि पुढे वाचू लागली. मग मॅडम बोलल्या. भूमिकाने हो, हो म्हणत फोन ठेवला.

"उघडा म्हणाल्या. आणि हा कागद जपून आणायला सांगितलाय."

तिने बाह्या वर केल्या. गादीची खुर्ची मागे सरकवली, कोपऱ्यातलं एक खोकं ओढलं, ते उलटं केलं आणि त्यावर बसली. खोकं आता तिला फार बुटकं होत होतं, गुडघे टेबलाला लागत होते. माझा पेचकस टेबलावर आमच्या दोघांच्या मधे पडला होता. मी तो तिच्याकडे सरकवला.

त्या पुढच्या वेळेबद्दल काय सांगू? तिने आधी प्लग काढला, थोडा वेळ जाऊ दिला, पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमधला करंट उतरला का ते मीटरने बघितलं. मी शिकवलेलं नव्हतं ते, कॉलेजात शिकली असणार. पण निघालेले स्क्रू झाकणात मापाप्रमाणे लावले, ते माझं होतं. मला तिला एक गोष्ट सांगायची होती. की त्या दिवशी मी ओरडलो ते तुझ्यावर नव्हतं, त्या पत्रावर होतं. वाक्य तयार होतं. कितीतरी दिवस तयार होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "तो बारका स्क्रू हरवू नको."

"नाही हरवत," ती म्हणाली.

पहिल्याची गाडी, दांडा, मोटर, पट्टा एकत्र चौकटीसकट निघालं. दुसऱ्याचंही निघालं, पण त्याला पट्टा नव्हता, तो मी पहिल्याला लावलेला. दुसऱ्याला लावायला उरला तो झिजका, आणि तो मी गुरुवारीच कचऱ्याच्या डब्यात फेकला होता.

"कचरा गेला का?" तिने विचारलं. नव्हता गेला. तिने पट्टा शोधून काढला, बोटांनी चाचपला. "दात एकाच जागी गेलेत. आम्हाला पेन फक्त पंधरा सेंटिमीटर फिरवायचंय. ही झिजकी जागा मोटरच्या दातेरी चाकावर येणारच नाही अशी गाडी एका बाजूला ठेवू. चालेल हा."

मी फेकलेला पट्टा तिने चालवला. मला एकाच वेळी लाज आणि अभिमान वाटला, आणि दोन्ही दाखवता आलं नाही म्हणून मी चहा मागवला.

मग मोटरी. चारचार वायरी. कोणत्या दोन एका गुंडाळीच्या, हे बघायला मी मीटर उचलला, तर ती म्हणाली थांबा. तिने दोन वायरींची उघडी टोकं एकमेकांना पिळून जोडली आणि मोटरचा दांडा माझ्या हातात दिला. "फिरवा." सहज फिरला. तिने दुसरी जोडी पिळली. "आता?" दांडा जड झाला, अडून अडून फिरू लागला. "म्हणजे ह्या दोन एका गुंडाळीच्या. आपण फिरवलं की त्यात वीज तयार होते आणि तीच आपल्याला अडवते." मी हजारभर मोटरी बदलल्या असतील. ही गंमत मला कोणी दाखवली नव्हती. मी दांडा कितीतरी वेळ फिरवत बसलो, जड, हलका, जड, हलका. ती हसली. ती माझ्यासमोर हसली, फोनवर आईशी नाही.

आणि संपलं.

मी घड्याळ बघितलं तर बारा वाजायला दहा मिनिटं होती. जुनी जोडी जशी माळ्यावर होती तशी असती, तर निम्मे स्क्रू गंजलेले निघाले असते. एकेकाला तेल सोडून वाट बघावी लागली असती, दोन-चार तर ड्रिलने कोरून काढावे लागले असते. संध्याकाळ झाली असती. पण मी सगळे नवे लावलेले. ते लोण्यासारखे निघाले. माझं काम चांगलं होतं आणि तेच माझ्या मुळावर आलं.

"पप्पा, दीडची गाडी मिळेल मला," ती मोटरी जुन्या कपड्यात गुंडाळत म्हणाली. "प्राची वाट बघतेय. मंगळवारी मॅडमना चौकट उभी दाखवायची आहे."

"उद्या पहाटे गेलीस तर?"

"उद्या लॅब सकाळीच मिळते. आजच वायरिंग करायला पाहिजे."

मी हो म्हणालो. घरी नूतनने डुबुकवड्यांचा रस्सा केला होता. भूमिकाने उभ्याउभ्याच दोन भाकरी खाल्ल्या. नूतन मला म्हणाली, "इतक्या लवकर कसं आटोपलं तुमचं?" मी म्हणालो, "स्क्रू चांगले होते." तिला काही कळलं नाही, आणि मला समजावून सांगायची इच्छा नव्हती. बसस्टँडवर मी ते ओझं तिच्या पायाशी ठेवलं, गाडी सुटली, एरंडोलच्या रस्त्याला लागली, आणि मी दुकानात परत न जाता तिथेच बाकड्यावर बराच वेळ बसलो. माझ्या पोरीला माझी गरज दोन तास वीस मिनिटं लागली होती. गेल्या चार वर्षांतली ती सगळ्यात चांगली दोन तास वीस मिनिटं होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि मला पहिलीचंच जास्त वाईट वाटत होतं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. संध्याकाळी फोन आले, आईला. चौकट उभी राहिली म्हणे. बुधवारी कळलं की पेन उचलायची बारकी मोटर बसवली, आणि यंत्राने पहिली सरळ रेघ काढली. हे मला नूतनने सांगितलं, भाजी निवडता निवडता. मी बरं म्हणालो. तिकडे ती रेघ निघत होती तेव्हा मी इकडे एका वकिलाच्या प्रिंटरमध्ये अडकलेली टाचणी काढत होतो.

गुरुवारी अकराच्या सुमाराला फोन वाजला. भूमिका.

"पप्पा, जरा अडलंय. वर्तुळ काढायला सांगितलं तर त्याचं तोंड जुळत नाही. जिथून सुरू होतं तिथे परत येईपर्यंत एक मिलिमीटरचा फरक पडतो. आणि कडेला चार ठिकाणी वर्तुळ चपटं येतंय."

मी खुर्चीत सरळ बसलो. हे मला येत होतं. हे तर मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

"पट्टा ढिला आहे," मी म्हणालो. "गाडीने दिशा बदलली की मोटर आधी तो ढिलेपणा खेचते, मग गाडी हलते. तेवढी पावलं फुकट जातात. म्हणून दिशा जिथे बदलते तिथेच चपटं येतं. आता नीट ऐक. मोटरच्या विरुद्ध टोकाला एक रिकामी पुली आहे ना, तिच्या पत्र्याला आतून स्प्रिंग आहे. पत्र्याचा स्क्रू नुसता सैल कर, काढू नको. स्प्रिंग आपण होऊन पुली मागे ओढेल. तिला हवं तेवढं ओढू दे, आपण जोर लावायचा नाही. मग गाडी हाताने दोनदा या टोकाहून त्या टोकाला ने, म्हणजे पट्टा सगळीकडे सारखा बसेल. आणि मग स्क्रू घट्ट कर. पट्टा बोटाने छेडून बघ, तो..."

मागून एका मुलीचा आवाज आला, मोठा आणि स्पष्ट. ती प्राची असणार. "भूमी, आता कोणाला विचारतेस? काल तूच तर ओढून घेतला ना पट्टा. ते बघ, वर्तुळ किती मस्त आलंय."

भूमिकाने बहुतेक हात धरला असावा फोनवर, कारण मागचा आवाज दबला. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, त्याला मी हाताने थांब म्हणून सांगितलं.

"पप्पा," ती म्हणाली. "आहात ना?"

"आहे."

"मग सांगा ना पुढे. पट्टा छेडून बघायचा, आणि?"

मी खुर्ची टेबलाशी ओढली, आणि तिला स्क्रू सैल करण्यापासून सगळं पुन्हा सांगायला लागलो.